पाठाची चित्रफीत यूट्यूबवर चढविताना

इयत्ता पाचवीच्या वर्गासाठी एका शिक्षकाने दशांश अपूर्णांकांचा बारा मिनिटांचा पाठ मोबाइलवर चित्रित केला, संगणकावर त्याची काटछाट केली आणि तो यूट्यूबवर चढविला, असे समजू. मोबाइलवरील मूळ चित्रण स्वच्छ होते. परंतु विद्यार्थी घरी पाठ पाहू लागले, तेव्हा फळ्यावरील ३.५ ही संख्या त्यांना ३५ अशी दिसू लागली. खडूने दिलेला दशांशबिंदू पुसट होऊन नाहीसा झाला होता. दोष शिक्षकाच्या अक्षराचा नव्हे, तर संपादनानंतर चित्रफीत बाहेर काढताना, म्हणजे एक्स्पोर्ट करताना, निवडलेल्या मापांचा होता.

असे का घडते, हे प्रथम पाहावयास हवे. चित्रफीत म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. ती सर्व जशीच्या तशी साठविली तर जागा फार लागते. म्हणून एक चित्र पूर्ण ठेवून पुढील चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच नोंदविला जातो. या नोंदीच्या पद्धतीस कोडेक म्हणतात, आणि दर सेकंदास नोंदीसाठी जेवढी जागा दिली जाते तिला बिटरेट म्हणतात. जागा अपुरी पडली की बारीक खुणांचा बळी प्रथम जातो. शिवाय यूट्यूब आलेली प्रत तशीच दाखवीत नाही. तिचे पुन्हा संक्षेपण करते. कार्बन कागदाच्या पुसट प्रतीवरून पुन्हा प्रत काढावी, तसा हा प्रकार होय. म्हणून तेथे पाठविण्याची प्रत शक्य तितकी स्वच्छ असावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेली प्रत आधीच दाबलेली असते, सबब ती संपादनास घेऊ नये. मोबाइलमधील मूळ फाइल केबलने संगणकात घ्यावी.

कोडेकच्या रकान्यात H.264, फाइलच्या प्रकारात MP4 आणि आवाजासाठी AAC निवडावे. H.265 या नव्या पद्धतीने फाइल लहान होते, परंतु शाळेतील जुन्या संगणकावर ती अडखळत चालण्याचा संभव असतो.

फ्रेम रेट म्हणजे एका सेकंदातील चित्रांची संख्या. चित्रण ज्या गतीने केले असेल, तीच एक्स्पोर्ट करतानाही ठेवावी. मोबाइलवर सेकंदास ३० चित्रे घेतली आणि बाहेर काढताना २५ निवडली, तर बहुधा दर सहा चित्रांतील एक गाळले जाते व फळ्यावर लिहिणारा हात झटके देत चालतो. ६० निवडूनही लाभ होत नाही. नवी माहिती न मिळता बहुधा तीच चित्रे दोनदा येतात.

आता बिटरेट. १०८० रेषांच्या व सेकंदास ३० चित्रांच्या साध्या चित्रफितीसाठी यूट्यूबची शिफारस ८ मेगाबिट प्रतिसेकंद अशी आहे, आणि ७२० रेषांसाठी ५ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ८ मेगाबिट म्हणजे सेकंदास १ मेगाबाइट. बारा मिनिटांचे ७२० सेकंद, म्हणून फाइल सुमारे ७२० मेगाबाइटची होईल. आवाजाचे सुमारे १२ मेगाबाइट वेगळे. गावातील जोडणीचा पाठविण्याचा वेग २ मेगाबिट असल्यास चित्राला ४८ मिनिटे लागतील. एवढा वेळ नसल्यास ७२० रेषा व ५ मेगाबिट घ्यावे. फाइल ४५० मेगाबाइटची होऊन अर्ध्या तासात जाईल. परंतु रेषा १०८० ठेवून बिटरेट मात्र २ वर आणू नये. वरील पाठात नेमके हेच झाले होते. उलट ४० मेगाबिट दिल्याने मोबाइलने न टिपलेली खूण उमटत नाही. फाइल मात्र पाचपट होते.

चित्रण करताना मोबाइल हातात न धरता स्टँडवर ठेवावा. हात हलला की संपूर्ण फळा दर चित्रात हलतो, आणि जी जागा दशांशबिंदूस मिळावयाची ती या हालचालीच्या नोंदीत खर्च होते.

फाइल चढविण्यापूर्वी संगणकावर तीन जागा पाहाव्यात: फळ्यावरील सर्वांत लहान खूण, लिहिणारा हात आणि अखेरचे मिनिट. काही मोबाइल फ्रेम रेट किंचित कमीजास्त करीत राहतात. त्यामुळे आरंभी जुळलेला आवाज शेवटी ओठांच्या पुढे किंवा मागे जातो. तसे दिसल्यास मूळ फाइल आधी स्थिर ३० फ्रेममध्ये रूपांतरित करून मग संपादनास घ्यावी.

चढविल्यानंतर लगेच चित्र अंधुक दिसले तरी फाइल काढून टाकू नये. यूट्यूब प्रथम कमी रेषांची प्रत तयार करते. अधिक रेषांच्या प्रतीस आणखी वेळ लागतो. ती तयार झाल्यावर विद्यार्थ्याच्या हाती असतो तसाच लहान मोबाइल घेऊन पाठ पाहावा. ३.५ मधील बिंदू तेथे दिसला, म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे.