पोटपिशवीत घडणारं पिल्लू

1629 मध्ये ‘बटाविया’ हे डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलं. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने तिथल्या बेटांवर कांगारूच्या कुळातला एक लहान प्राणी पाहिला, टॅमार वॉलाबी. मादीच्या पोटपिशवीत स्तनाग्राला घट्ट चिकटलेलं शेंगदाण्याएवढं पिल्लू बघून पेल्सार्टने नोंद केली, की पिल्लं तिथेच, स्तनाग्रातून उगवतात. निष्कर्ष चुकीचा असला तरी निरीक्षण नेमकं होतं. ते पिल्लू खरोखरच ओढून सुटणारं नसतं.

लाल कांगारूची मादी फक्त 33 दिवस गाभण राहते. जन्मलेलं पिल्लू एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, मागचे पाय नुसते कोंब. पुढचे पाय मात्र तयार असतात आणि त्यांना नख्याही असतात, कारण जन्मताच त्याला चढण चढायची असते. आई शेपटी पुढे काढून टेकून बसते आणि स्वतःला चाटत राहते. पिल्लाला ती उचलत नाही. ते एकामागून एक हात टाकत, तिच्या केसांना धरत, तीन ते पाच मिनिटांत पिशवीत पोचतं. तिथे चार स्तनाग्रं असतात. त्यांतलं एक तोंडात घेतलं, की त्याचं टोक आत फुगतं आणि पिल्लू जणू जोडलंच जातं. पुढचे साधारण 70 दिवस ते स्तनाग्र सोडत नाही.

इथून पुढची वाढ, म्हणजे आपल्याकडे आईच्या गर्भाशयात वारेच्या आधाराने होणारी बरीचशी वाढ, कांगारूत दुधावर होते. पिल्लाला स्वतःचं शरीर गरम ठेवता येत नाही, ते काम पिशवीची ऊब करते. त्याची रोगप्रतिकारशक्तीही अजून तयार नसते, म्हणून सुरुवातीचं संरक्षण दुधातून मिळतं. आई पिशवीत तोंड घालून ती चाटून साफ करते. पिल्लाला चाटून त्याची लघवी काढते आणि ती पिऊनही टाकते. कोरड्या मुलखात पाण्याचा तो थेंबही वाया जात नाही.

या दुधाची खरी करामत म्हणजे ते बदलत जातं. सुरुवातीला पातळ, साखरेचं प्रमाण जास्त, स्निग्धांश कमी. पिल्लू पिशवीबाहेर डोकावायला लागण्याच्या सुमारास साखर उतरते आणि स्निग्धांश चढतो. हा बदल कोण ठरवतं, पिल्लाचं चोखणं की आई? याची परीक्षा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टॅमार वॉलाबीवरच घेतली. सुमारे 60 दिवसांचं पिल्लू त्यांनी अशा मादीच्या पिशवीत ठेवलं, जिला व्यायला सुमारे 120 दिवस झाले होते. पिल्लू लहान म्हणून तिचं दूध मागे गेलं नाही, ते आपल्या क्रमानेच पुढे सरकलं. पिल्लू मात्र झपाट्याने वाढलं आणि त्याच्या अंगावर चरबी धरली. वाढीचं वेळापत्रक बऱ्याच अंशी आईच्या दुधात असतं, हे यातून दिसलं.

लाल कांगारूची मादी तर एकाच वेळी दोन वेळापत्रकं सांभाळते. पिल्लू साधारण आठ महिन्यांचं झालं, की पिशवी कायमची सोडतं, पण वर्षभराचं होईपर्यंत बाहेरून डोकं घालून दूध पितं. तोवर नवं पिल्लू पिशवीत आलेलं असतं. मोठं आपल्याच जुन्या, लांबलेल्या स्तनाग्राला लागतं आणि त्याला तेथून स्निग्ध दूध मिळतं. शेजारच्या स्तनाग्रातून धाकट्याला पातळ दूध. रक्तातले संप्रेरक दोन्हीकडे तेच, तरी दोन ग्रंथी दोन वेगळी दुधं तयार करतात.

आणखी एक अपत्य गर्भाशयात थांबलेलं असू शकतं. प्रसूतीनंतर काही दिवसांत मादी पुन्हा फळते. पिशवीतलं पिल्लू सतत चोखत असतं तोवर तो गर्भ शंभरेक पेशींवर थबकून राहतो. दुष्काळात चारा संपला, दूध आटलं आणि पिशवीतलं पिल्लू दगावलं, की थांबलेला गर्भ वाढू लागतो आणि महिन्याभरात जन्म होतो. पण दुष्काळ फारच लांबला, तर मादीचं फळणंही बंद पडतं.

ऑस्ट्रेलियात रस्त्यावर गाडीखाली कांगारू मेलेली दिसली, तर तिची पिशवी तपासा, असं प्राणिरक्षक सांगतात; आई मेली तरी पिल्लू जिवंत असू शकतं. लहान पिल्लाला ओढून काढलं तर त्याच्या नाजूक तोंडाला इजा होते, म्हणून मेलेल्या आईचं स्तनाग्र कापून पिल्लू त्यासकट उचलतात. गाईचं दूध त्याला देत नाहीत. त्यातली साखर पिल्लाला पचत नाही, जुलाब होतात आणि डोळ्यांत मोतीबिंदूही होऊ शकतो. त्याच्या वयाला जुळेल असं, खास कांगारूंसाठी बनवलेलं दूधच द्यावं लागतं.