बंद पडलेला ईमेल आणि डोमेनचा ताबा

कंपनीचे नाव बदलले, जुने डोमेन मुदतीअंती सोडून दिले, आणि नव्या डोमेनचे खाते मात्र त्या जुन्या डोमेनवरच्या ईमेलशी बांधलेले राहिले, अशा अवस्थेत पासवर्ड बदलण्याचा दुवा मिळणार तरी कोठे? प्रथम lookup.icann.org वर नवे डोमेन घालून Registrar Information या भागात नोंदणीसंस्थेचे नाव पाहावे. मग तेथेच जुने डोमेनही तपासावे. ते कोणाच्याही नावे नसेल, तर स्वतःच्या कंपनीसाठी पुन्हा नोंदवून, त्यावर पूर्वीच्याच नावाची टपालपेटी उघडली, की दुवा तेथे येतो. redemptionPeriod असे दिसल्यास मात्र ते पूर्वीच्या धारकालाच, पूर्वीच्याच संस्थेमार्फत, जादा शुल्क भरून सुमारे 30 दिवसांच्या आत सोडवता येते. परक्याने ते घेतले असेल, तर तो दुवा त्याच्याच हाती पडण्याचा धोका असल्याने नव्या डोमेनच्या नोंदणीसंस्थेस तत्काळ कळवून खाते गोठविण्याची विनंती करावी, आणि नामबदलाचे प्रमाणपत्र, जुन्या पावत्या व अधिकृत व्यक्तीचे ओळखपत्र जोडून रीतसर अर्ज द्यावा. हा कागदोपत्री मार्ग माझ्या मते सर्वांत भरवशाचा. परंतु नव्या डोमेनचा धारक म्हणून कंपनीऐवजी संकेतस्थळ करणाऱ्याचेच नाव दाखल असेल, तर त्याच्या लेखी संमतीवाचून अर्ज बहुधा अडतो.