जीएसटीची नोटीस : आकडा, कारण आणि तारीख

जीएसटीची नोटीस पोस्टाने येईलच असं नाही. पोर्टलवर टाकली की ती कायद्याने बजावली गेली, असं धरलं जातं. म्हणून View Additional Notices/Orders हे पान दुकानदाराने महिन्यातून एकदा तरी स्वतः उघडावं, सगळं कर सल्लागारावर सोडू नये.

एखाद्या हार्डवेअर दुकानदाराला २४ सप्टेंबर २०२५ रोजी, २०२१-२२ या वर्षासाठी कलम ७३ची नोटीस आली, असं धरू. पहिल्यांदा दिसतो तो डीआरसी-०१ हा फॉर्म. तो फक्त गोषवारा असतो. खरी कारणं सोबतच्या पीडीएफमध्ये असतात आणि अनेक जण ती उघडतच नाहीत. गोषवाऱ्यात एकूण मागणी १,७३,४०० रुपये दिसते. हा आकडा पाहून घाम फुटतो, पण तो एकच आकडा नाही. तक्ता आडवा वाचला की त्यात कर ९२,४००, व्याज ६१,००० आणि दंड २०,००० असे तीन भाग दिसतात. कलम ७३खाली दंड कराच्या दहा टक्के किंवा दहा हजार रुपये, यांतला जास्त असेल तो लागतो. केंद्र आणि राज्य अशा दोन्ही करांवर तो वेगळा लागतो, म्हणून इथे वीस हजार.

आता जोडलेलं पत्र. त्यात आधी कलम पाहा. ७३ म्हणजे फसवणुकीचा आरोप नाही. ७४ असेल तर फसवणूक किंवा जाणूनबुजून माहिती दडपल्याचा आरोप आहे आणि दंड कराएवढाच होऊ शकतो. (२०२४-२५पासूनच्या वर्षांसाठी या दोन्हींच्या जागी ७४ए आहे.) मग प्रत्येक कारणासमोर त्याच्या वाट्याची रक्कम लिहून काढा. आपल्या दुकानदाराच्या पत्रात दोन कारणं निघतात. खरेदीवर घेतलेलं क्रेडिट पुरवठादाराच्या विवरणपत्राशी जुळत नाही, त्याचे ६४,४००. आणि घरच्या कारच्या दुरुस्ती-विम्यावरचं क्रेडिट घेतलं, त्याचे २८,०००. बेरीज बरोबर ९२,४०० येते. ती आली नाही, तर एखादं कारण वाचायचं राहिलं आहे किंवा खात्याचीच बेरीज चुकली आहे. तसं असेल तर ते उत्तरात लिहावं.

ही फोड का करायची? कारण दोन्ही मुद्द्यांना उत्तर एकच नाही. कारचं क्रेडिट कायद्यानेच बंद आहे, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पहिल्या मुद्द्यात मात्र दम आहे. परिशिष्टात बिलवार यादी असते. ती खरेदीच्या वहीशी ताडून पाहिली, तर असं आढळू शकतं की पुरवठादाराने ऑगस्ट २०२१चं बिल एप्रिल २०२२च्या विवरणपत्रात दाखवलंय. फरक बिलाचा नसून महिन्याचा आहे, हे तिथे कागदाने दाखवता येतं. आणखी एक आधार कलम ७५मध्ये आहे : अंतिम आदेशात नोटिशीपेक्षा जास्त रक्कम किंवा नोटिशीत नसलेलं कारण घालता येत नाही. म्हणून कारणांची यादी जशीच्या तशी उतरवून ठेवा.

तारखांमध्ये गफलत होते, कारण त्या दोन असतात. नोटिशीत उत्तराची तारीख ९ ऑक्टोबर आहे. पण नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे २४ ऑक्टोबरपर्यंत, कर आणि व्याज भरलं तर कलम ७३चा दंड लागत नाही. उत्तराला मुदतवाढ मिळाली म्हणून हे तीस दिवस वाढत नाहीत. दोन्ही तारखा वहीत वेगळ्या लिहाव्यात. रक्कम डीआरसी-०३ने भरायची आणि उत्तर डीआरसी-०६ने द्यायचं.

कागदपत्रं सहसा पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मागितलेली असतात : बिलं, बँकेचे उतारे, मालवाहतुकीच्या पावत्या, खरेदीची वही. ही मागणी मनमानी नसते. क्रेडिट टिकायला बिल हातात असावं लागतं, माल खरोखर आलेला असावा लागतो आणि पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिलेले असावे लागतात. प्रत्येक कागद यांतली एकेक गोष्ट सिद्ध करतो. म्हणून सगळी फाइल एकगठ्ठा न चढवता, बिल क्रमांकानुसार बिल, पावती आणि बँकेची नोंद एकत्र लावावी. तपासणारा अधिकारी एका बिलामागचं सगळं एका नजरेत पाहू शकला, तर मुद्दा तिथेच मिटण्याची शक्यता वाढते.

डीआरसी-०६ भरताना प्रत्यक्ष सुनावणी हवी का, असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ निवडा. लेखी मागितलं तर सुनावणी द्यावीच लागते.