जुन्या रंगीत छायाचित्रात नवीन घटकाचे एकरूपीकरण : रंगझाक, तीक्ष्णता व ग्रेन

प्रस्तावना :
कौटुंबिक समूहछायाचित्रात अनुपस्थित असलेल्या व्यक्तीची प्रतिमा मागाहून समाविष्ट करण्याची मागणी छायाचित्र-व्यावसायिकांकडे नेहमी येते. मूळ छायाचित्र फिल्मवरील आणि जोडावयाची प्रतिमा डिजिटल कॅमेऱ्यातील असल्यास नवीन व्यक्ती कापून चिकटवल्यासारखी दिसते. याची कारणे तीन : रंगझाक, तीक्ष्णता आणि ग्रेन म्हणजेच कणमयता. प्रस्तुत लेखात १९७० च्या दशकातील एक रंगीत प्रिंट ६०० पीपीआयवर स्कॅन केली आहे असे गृहीत धरून या तिन्हींचा क्रमाने विचार केला आहे. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक छायाचित्रात ते नव्याने मोजावे लागतात.

पूर्वतयारी :
स्कॅनरमधील तीक्ष्णतावर्धन बंद ठेवावे, अन्यथा कडांभोवती पांढरी किनार उमटते. नवीन प्रतिमेतील डिजिटल नॉइज प्रथम काढून टाकावा व तिचा आकार मूळ स्कॅनच्या मापाला आणावा. आकार नंतर बदलल्यास पुढील सर्व मोजमापे व्यर्थ ठरतात.

१) रंगझाक :
त्या काळातील रंगीत कागदावरील सायन रंगद्रव्य अंधारात ठेवलेल्या अल्बममध्येही इतरांपेक्षा लवकर फिके होई. सायन रंग लाल प्रकाश शोषतो. तो घटल्याने काळे केस लालसर दिसू लागतात. याउलट कागदाचा पांढरा भाग कालांतराने पिवळा पडतो. म्हणजेच गडद भागात लाल आणि उजळ भागात पिवळी, अशी झाक एकाच चित्रात असते. म्हणूनच संपूर्ण व्यक्तीवर एकाच रंगाचा पातळ थर चढवण्याचा प्रचलित उपाय अपुरा पडतो.

मूळ चित्रात काळ्या केसांचे मूल्य लाल ६२, हिरवे ३०, निळे ३४ आणि पांढऱ्या सदऱ्याचे लाल २३८, हिरवे २२८, निळे १९८ आहे असे समजू. नवीन व्यक्तीचे केस व सदरा अनुक्रमे पूर्ण काळे व पूर्ण पांढरे करून घ्यावेत. नंतर Levels मध्ये प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे निवडून Output Levels ही मूल्ये लाल ६२–२३८, हिरवे ३०–२२८ व निळे ३४–१९८ अशी द्यावीत. शेवटी मध्यम छटांचा दर्शक सरकवून शेजारच्या व्यक्तीच्या त्वचेशी मेळ घालावा.

२) तीक्ष्णता :
मूळ चित्रात पांढऱ्या कॉलरवरून गडद कोटाकडे जाताना बदल किती पिक्सेलमध्ये होतो, हे मोठे करून मोजावे. मोजण्याची कड नवीन व्यक्ती जेथे उभी करावयाची तेवढ्याच अंतरावरील असावी, कारण मागच्या रांगेची तीक्ष्णता वेगळी असते. मूळ कड ५ पिक्सेलची व नवीन कड २ पिक्सेलची असल्यास वर्गांतील फरक २५ − ४ = २१ येतो. त्याचे वर्गमूळ सुमारे ४.६ होते व त्याला २.५६ ने भागल्यास १.८ मिळतात. Gaussian Blur ची त्रिज्या या मूल्यापासून सुरू करून डोळ्यांनी पडताळावी.

३) ग्रेन :
ग्रेन सर्वांत शेवटी घालावा. आधी घातल्यास धूसरतेच्या पायरीत तो पुसला जातो. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन जाते व तिच्या जागी रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग उरतात. तिन्ही थरांतील ढग परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यामुळे तिन्ही चॅनेलमध्ये एकसारखा असलेला, एकरंगी ग्रेन येथे परका दिसतो. कृष्णधवल फिल्मच्या बाबतीत मात्र तोच योग्य ठरतो.

मूळ चित्रातील सपाट भिंतीचा सुमारे ५० × ५० पिक्सेलचा भाग निवडून Histogram मधील Std Dev प्रत्येक चॅनेलसाठी नोंदवावे. त्या भागात सावलीचा उतार असल्यास आकडा फसवा वाढतो. Add Noise चे कण एका पिक्सेलचे असतात, तर स्कॅनमधील ग्रेनचे पुंजके बहुधा मोठे. यास्तव नॉइज ५० टक्के करड्या, Overlay पद्धतीच्या स्वतंत्र थरावर घालून किंचित धूसर करावा. यामुळे त्याची तीव्रता घटते. म्हणून तो अधिक प्रमाणात घालून नवीन व्यक्तीवरील सपाट भागाचे Std Dev पुन्हा जुळवावे. या पद्धतीने अतिगडद व अतिउजळ भागांत ग्रेन आपोआप मंदावतो, जसा तो प्रिंटमध्येही दिसतो.

पडताळणी व मर्यादा :
संपूर्ण रंगीत चित्रात दोष लपतात. लाल, हिरवा व निळा हे चॅनेल एकेक करून १०० टक्के आकारात पाहावेत. विशेषतः निळ्या चॅनेलमध्ये जोड चटकन उघडा पडतो. मूळ कागद रेशमी पोताचा असल्यास स्कॅनमध्ये नियमित जाळी दिसते. ती ग्रेन नव्हे आणि नॉइजने तिचे अनुकरण होत नाही.

निष्कर्ष :
तिन्ही गुणधर्म मोजून जुळवल्यास जोड ओळखणे अवघड होते आणि येथेच जबाबदारी निर्माण होते. पुढील पिढीला ती व्यक्ती त्या समारंभास खरोखरच उपस्थित होती असे वाटू शकते. म्हणून मूळ स्कॅन अस्पर्श ठेवून स्वतंत्रपणे जतन करावे आणि जोडचित्राच्या मागे व फाईलच्या नावात ‘जोडचित्र’ अशी वर्षासह नोंद करावी.