तिच्या पहिल्या वाढदिवसाला काय लिहावं?

माझा भाचा बंगळुरूला नोकरी करतो. दोन महिन्यांपूर्वी त्याचं एका मुलीशी जुळलं आणि तेवढ्यात तिचा वाढदिवस आला. त्यानं लिहिलेला मेसेज मला वाचून दाखवला: "तू माझं सर्वस्व आहेस. तुझा प्रत्येक वाढदिवस आपण एकत्र साजरा करू."

मी म्हटलं, "अरे, यावर ती काय उत्तर देणार?" एक तर तिनंही तेवढंच मोठं वचन द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. म्हणून 'सर्वस्व' गेलं, 'प्रत्येक'ही गेलं. मग विचारलं, "तिचं काय आवडलं, ते सांग." तो म्हणाला, "मामा, पावसात बस चुकली तर ती चिडली नाही, हसत सुटली." मग हेच लिहिलं:

"वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! बस चुकली तेव्हाचं तुझं हसणं आठवलं की मलाही हसू येतं. तू भेटलीस, छान वाटतंय. शनिवारी वेळ असेल तर डोसा माझ्याकडून."

यात भविष्यकाळ फक्त शनिवारपर्यंतचा आहे, आणि 'वेळ असेल तर' म्हटल्यामुळे तिला नाही म्हणायची मोकळीक राहते. स्टेटसला मात्र काही लावू नको म्हटलं. तिच्या घरी अजून ठाऊक नाही. नुसतं 'थँक्यू' आलं, तर लगेच दुसरा मेसेज पाठवायचा नाही, हेही बजावलं. फौजेतसुद्धा उत्तराची वाट पाहणंच मला सगळ्यांत जड जायचं!

तासाभरानं तिचं उत्तर आलं: "डोसा नको, आईस्क्रीम. शनिवारीच."