चौसष्ट सर्टिफिकेटं आणि एक ड्यूटी रोस्टर

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी मध्य प्रदेशातल्या एका खासगी रुग्णालयात काही वर्षं प्रशासन पाहिलं. एनएबीएचच्या मूल्यांकनाची तयारी माझ्याकडे होती. ६४ सिस्टर, ६४ संसर्ग नियंत्रणाची सर्टिफिकेटं, टॅग लावलेली फाइल. मी निर्धास्त होतो.

मूल्यांकनाला आलेल्या बाईंनी फाइल चाळली आणि प्रशिक्षणाच्या दिवसाचं ड्यूटी रोस्टर मागितलं. मग हजेरीपट. तीन सिस्टर आदल्या रात्रीची पाळी करून घरी गेलेल्या, एक बाळंतपणाच्या रजेवर. सर्टिफिकेटं मात्र चौघींचीही तयार! छापणाऱ्या कारकुनाने पगारपत्रकावरूनच नावं घेतली होती. कवायतीला गैरहजर जवानाला हजर दाखवावं, तसलाच प्रकार.

पुढे त्या वॉर्डात गेल्या. एका सिस्टरला म्हणाल्या, "रक्त सांडलंय असं समजा. एक टक्का हायपोक्लोराइट करून दाखवा." बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं. सिस्टरने १०० मिली औषधात ९०० मिली पाणी घातलं. म्हणजे द्रावण अर्धा टक्काच झालं. एक लिटरसाठी २०० मिली औषध आणि ८०० मिली पाणी हवं होतं. तिची चूक म्हणायची का? आमच्या व्याख्यानात दहा टक्क्यांच्या बाटलीचं प्रमाण शिकवलं होतं, आणि खरेदी विभागाने नंतर बाटली बदलली. लेखी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण होते.

शेरा आला तो याच दोन गोष्टींवर. सर्टिफिकेट कुणी नाकारलं नाही. त्यामागे काय आहे ते पाहिलं गेलं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक सिस्टरचं एक पान केलं. रुजू झाल्याची तारीख, पहिल्या प्रशिक्षणाची तारीख, विषय, शिकवणाऱ्याची सही, आधीच्या आणि नंतरच्या चाचणीचे गुण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वॉर्डात प्रत्यक्ष करताना कुणी पाहिलं त्याची नोंद: हात धुणं, द्रावण करणं, सुई पांढऱ्या डब्यात टाकणं. रात्रपाळीसाठी तेच सत्र संध्याकाळी पुन्हा घेतलं. कंत्राटी सफाई कामगारही यादीत आले, कारण कचऱ्याची पिवळी पिशवी तेच उचलतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रशिक्षण रुजू होताना आणि पुढे वर्षातून निदान एकदा द्यावं लागतं. वार्षिक अहवालात किती जणांना ते मिळालं यासोबत किती जणांना मिळालं नाही, हाही आकडा भरायचा असतो. आमच्याकडे तिथे दरवर्षी शून्य असायचं. पुढच्या अहवालात मी चार लिहिले. कारकून बिचारा घाबरला होता. त्या चौघींचं प्रशिक्षण कोणत्या तारखांना ठेवलंय, तो कागद मी अहवालाच्या प्रतीला जोडून ठेवला.