बारा आठवड्यांची ब्राह्मी, चार आठवड्यांवर परीक्षा

‘ब्राह्मी’ या एकाच नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. पहिली नीरब्राह्मी. ओढ्याकाठी, पाणथळ जागी ती जमिनीलगत पसरते, तिची पाने बारीक व मांसल असतात आणि फुले फिकट जांभळी किंवा पांढरी असतात. तिचे शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. दुसरी मंडूकपर्णी. तिची पाने गोलसर, एका बाजूला खाच असलेली आणि लांब देठाची असतात. मराठीत तिला कारिवणा असेही म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात ‘ब्राह्मी’ म्हणजे बाकोपा असे ठरवून दिलेले आहे. तरीही अनेक ठिकाणी मंडूकपर्णीच ब्राह्मी म्हणून विकली जाते. चरकसंहितेत बुद्धिवर्धक म्हणून सांगितलेल्या चार मेध्य रसायनांमध्ये मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी येतात. स्मरणशक्तीवरचे आधुनिक प्रयोग मात्र मुख्यतः बाकोपावर झाले आहेत. त्यामुळे एका वनस्पतीचा जुना लौकिक आणि दुसऱ्या वनस्पतीवरचे नवे संशोधन एकाच बाटलीच्या जाहिरातीत एकत्र येते.

बाकोपावरच्या संशोधनाची पायाभरणी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झाली. तेथील शास्त्रज्ञांनी वनस्पतीतील बॅकोसाइड या घटकांचा अभ्यास केला आणि त्यांचे प्रमाण ठरावीक राहील असा अर्क तयार केला. असा प्रमाणित अर्क हाती आल्यावर त्याची माणसांवर नीट चाचणी घेता येऊ लागली. घरच्या काढ्यात किंवा साध्या चूर्णात किती बॅकोसाइड आहेत हे पिकाच्या जागेवर, तोडणीच्या वेळेवर आणि साठवणुकीवर अवलंबून असते. म्हणून एका चूर्णाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

स्मरणशक्तीची चाचणी घेताना एक अडचण येते. एखाद्याला शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तशीच परीक्षा घेतली, तर कोणतेही औषध न घेता त्याची कामगिरी सुधारते. परीक्षेची पद्धत ओळखीची झालेली असते, भीती गेलेली असते. म्हणूनच ‘आमच्या मुलाने घेतली आणि फरक पडला’ या अनुभवावरून औषधाचे श्रेय ठरवता येत नाही. त्यासाठी दोन गट लागतात. एकाला अर्क आणि दुसऱ्याला दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्याला किंवा तपासणाऱ्याला शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही. दोन्ही गटांत सुधारणा होते. अर्काच्या गटात ती जितकी जास्त, तितकेच अर्काचे काम.

ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी प्रौढांवर अशी चाचणी झाली. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे देण्यात आला. शिकण्याचा वेग, डोळ्यांनी टिपलेली माहिती हाताळण्याचा वेग आणि चिंता यांत बारा आठवड्यांनी फरक दिसला. पाचव्या आठवड्यात मात्र तो दिसला नव्हता. २००२ साली ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ जणांवर तीन महिन्यांची चाचणी झाली. तिच्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या जोड्या पाठ करायच्या होत्या. अर्क घेणारे इतरांपेक्षा लवकर शिकले नाहीत, पण शिकलेले थोडे कमी विसरले. एकदाच ३०० मिलिग्रॅमची मात्रा देऊन दोन तासांनी तपासले, तेव्हा काहीच परिणाम आढळला नाही. भारतात वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या सहा आठवड्यांच्या चाचणीत काही कसोट्यांवर सुधारणा नोंदली गेली, पण ती चाचणी ६० विद्यार्थ्यांपुरती होती.

या सगळ्याचा एकत्रित अर्थ मर्यादित आहे. ठरावीक अर्क, ठरावीक मात्रेत, सुमारे तीन महिने रोज घेतल्यास प्रौढांमध्ये शिकलेले लक्षात राहण्याच्या काही कसोट्यांवर अल्प फायदा होऊ शकतो. बहुतेक चाचण्या लहान आहेत, आणि वेगवेगळ्या चाचण्यांत फायदा वेगवेगळ्या कसोट्यांवर दिसतो. त्यांत शब्दांच्या याद्या आणि अंकांच्या रांगा तपासल्या जातात. गणिताचा अपरिचित प्रश्न सोडवणे किंवा तीन तासांत उत्तरपत्रिका पूर्ण करणे त्यांत मोजलेले नसते. मुलांबाबतचा पुरावा त्याहून तोकडा आहे.

महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीत आणि दहावीची त्याच सुमारास किंवा मार्चमध्ये असते. स्मरणशक्तीच्या औषधांची मागणी जानेवारीत वाढत असेल, तर परीक्षेला चार ते सहा आठवडे उरलेले असतात. ज्या परिणामाला चाचण्यांत बारा आठवडे लागले, तो या मुदतीत येईल असे मानायला फारसा आधार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री घेतलेल्या चमचाभर सिरपला तर काहीच आधार नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहता येतो. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचण्यांतला ३०० मिलिग्रॅम अर्क सुमारे ६ ग्रॅम वाळलेल्या वनस्पतीपासून बनतो. समजा, एका सिरपच्या लेबलवर ‘५ मिलिलीटरमध्ये ब्राह्मी २५० मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे आणि ‘१० मिलिलीटर दिवसातून दोनदा’ अशी मात्रा आहे. दिवसाचे २० मिलिलीटर, म्हणजे ब्राह्मी १००० मिलिग्रॅम. हा आकडा ३०० पेक्षा मोठा दिसतो. पण लेबलवरचे २५० मिलिग्रॅम जर वाळलेल्या वनस्पतीचे असतील, तर ते चाचणीतल्या मात्रेच्या जेमतेम सहावा भाग भरतात. म्हणून ‘चूर्ण’ आणि ‘अर्क’ हे शब्द, आणि अर्क असल्यास बॅकोसाइडची टक्केवारी, लेबलवर शोधावी लागते. सिरपमध्ये बहुधा साखरेचा पाक असतो, ही गोष्ट मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवायला हवी. ब्राह्मी तेलाचा प्रश्न वेगळा आहे. या चाचण्या पोटात घेतलेल्या अर्काच्या आहेत, डोक्याला लावलेल्या तेलाच्या नाहीत.

ब्राह्मीचे दुष्परिणाम मुख्यतः पोटाचे असतात. मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होणे या तक्रारी चाचण्यांत अर्क घेणाऱ्यांमध्ये अधिक आढळल्या. त्याचे एक संभाव्य कारण असे की प्राण्यांवरील प्रयोगांत ब्राह्मी असेटिलकोलीन या रसायनाचे विघटन मंदावते. हे रसायन मेंदूत स्मृतीला उपयोगी पडते, तसेच आतड्यांच्या हालचालीही वाढवते. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होऊ शकतो. ऐन परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदाच ब्राह्मी सुरू करणे मात्र जोखमीचे ठरते, कारण फायदा दूर असतो आणि जुलाब जवळ.

गिंकोचा आयुर्वेदाशी संबंध नाही. तो चीनमधला प्राचीन वृक्ष आहे, त्याची पाने पंख्यासारखी असतात आणि पानांचा अर्क युरोपात बराच वापरला जातो. त्याच्यावर ब्राह्मीपेक्षा कितीतरी मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, आणि निरोगी माणसांबाबत त्यांचा निष्कर्ष निराशाजनक आहे. २००२ साली अमेरिकेत साठीपुढच्या २३० निरोगी व्यक्तींना सहा आठवडे रोज १२० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा स्मरणशक्तीत फरक पडला नाही. त्यानंतर ७५ वर्षांवरील ३,००० हून अधिक व्यक्तींना सुमारे सहा वर्षे रोज २४० मिलिग्रॅम अर्क किंवा बनावट गोळी देण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. या चाचण्या विद्यार्थ्यांवरच्या नाहीत, पण निरोगी माणसाची स्मृती गिंकोने वाढते या दाव्याला त्यांतून बळ मिळत नाही. गिंको रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर किंवा शस्त्रक्रियेआधी तो टाळतात. त्याच्या बियांत जीवनसत्त्व बी-६ च्या कामाला विरोध करणारे विष असते आणि बिया जास्त खाल्ल्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत. आकडी येणाऱ्यांनी गिंकोपासून दूर राहावे, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

सर्वांत बोधक नोंद शंखपुष्पीची आहे, आणि ती मुंबईच्या परळमधल्या केईएम रुग्णालयातली आहे. अपस्मारासाठी फेनिटोइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे आटोक्यात असलेले झटके पुन्हा सुरू झाले. रक्तातले फेनिटोइन कमी झाल्याचे आढळले. दोघेही सोबत शंखपुष्पीचे औषध घेत होते. डॉक्टरांनी मग उंदरांवर प्रयोग केले. शंखपुष्पी अनेक मात्रांत फेनिटोइनबरोबर दिल्यावर रक्तातले फेनिटोइन घटले आणि झटके थांबवण्याचा त्याचा परिणामही कमी झाला. एकाच मात्रेत रक्तातले प्रमाण घटले नाही, तरीही परिणाम मात्र कमी झाला. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते की धोका केवळ वनस्पतीच्या विषारीपणातून येत नाही. स्वतः निरुपद्रवी वाटणारे सिरप चालू असलेल्या औषधाचे काम काढून घेऊ शकते. अपस्माराच्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या काळात जागरण आणि ताण यांनी आधीच झटक्यांचा धोका वाढलेला असतो. त्यात घरच्यांनी ‘बुद्धीसाठी’ शंखपुष्पी सुरू केली आणि डॉक्टरांना सांगितले नाही, तर झटका का आला हे लवकर ध्यानात येत नाही.

मिश्रणात आणखी वनस्पती असतात. अश्वगंधेने झोप येते, थायरॉइडच्या औषधांशी ती गुंतागुंत करू शकते आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. मंडूकपर्णीबाबतही यकृताच्या इजेच्या थोड्या नोंदी आहेत. वेखंडाच्या काही जातींत बीटा-असारोन भरपूर असते. त्याने उंदरांमध्ये गाठी होतात, म्हणून अमेरिकेत वेखंड अन्नात घालायला १९६८ पासून बंदी आहे. जड धातूंचा धोका वनस्पतींपलीकडचा आहे. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. शिसे वाढत्या मुलांच्या मेंदूलाच अपाय करते, त्यामुळे दूषित औषध स्मृतीसाठी घेतले तर उलटाच परिणाम होऊ शकतो.

तेव्हा लेबल वाचताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, चूर्ण की अर्क, प्रत्येक घटकाची मात्रा, परवाना क्रमांक आणि मुदत या गोष्टी पाहाव्यात. पंधरा-वीस वनस्पतींची नावे असून प्रत्येकीची मात्रा नसेल, तर ते औषध कोणत्याही चाचणीशी ताडून पाहता येत नाही. अपस्मार, थायरॉइड, नैराश्य किंवा रक्त गोठण्याशी संबंधित औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. औषध सुरू केल्यावर झटका आला, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, अंगावर खाज सुटली, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर ते लगेच बंद करावे आणि बाटलीसह डॉक्टरांकडे जावे. काय आणि किती घेतले गेले, हे बाटलीवरूनच नेमके कळते.